अल्पमताचे पुढे काय होते?

11 मार्च 2018, रविवार. पाच दिवसांपूर्वी नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च त्या दिवशी मुंबईत शिरला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने त्यात होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन आपल्या नावावर व्हावी, ही त्यांची मुख्य मागणी होती. मोर्चा अखिल भारतीय किसान सभेचा होता, आणि या सभेचे नेतृत्व मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडे आहे. रात्री शीवजवळच्या सोमय्या मैदानावर मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. दिवसा मोर्चा निघाला असता तर मुलांना परीक्षाकेंद्र गाठणे अवघड झाले असते. म्हणून रात्रीच चालायचे ठरले, आणि सुमारे 180 किलोमीटर चालून पायांना फोड आलेली हजारो माणसे मध्यरात्रीनंतर पुन्हा उठून आझाद मैदानाकडे निघाली. मुंबईला त्या शिस्तीचे फार अप्रूप वाटले.

त्याच रविवारी बीजिंगमध्ये चीनची राष्ट्रीय लोकसभा घटनादुरुस्तीवर मतदान करत होती. राष्ट्राध्यक्षाला लागोपाठ दोनच कार्यकाळ मिळतील ही अट काढून टाकायची होती, आणि कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्व हेच चिनी समाजवादाचे मूलभूत लक्षण आहे, हे वाक्य घटनेच्या पहिल्याच कलमात घालायचे होते. बाजूने 2,958 मते पडली, विरोधात 2. तिघे तटस्थ राहिले. एक मत बाद झाले.

मोर्चाचे नेतृत्व करणारा पक्ष आणि चीनवर राज्य करणारा पक्ष, दोघांच्याही पक्षघटनेत एकच संघटनातत्त्व लिहिलेले आहे: लोकशाही केंद्रवाद. तौलनिक राजकारणाच्या अभ्यासक्रमात हे तत्त्व बहुधा दोन ओळींत उरकले जाते. चर्चेत स्वातंत्र्य, कृतीत एकजूट, एवढे लिहिले की गुण मिळतात. पण एकाच नियमावलीतून एकीकडे सरकारशी वाटाघाटी करणारा मोर्चा निघतो आणि दुसरीकडे जवळपास तीन हजार जणांच्या सभागृहात फक्त दोन विरोधी मते पडतात, हे कसे, याचे उत्तर त्या दोन ओळींत नाही. या लेखाचे म्हणणे असे, की ते उत्तर पक्षाच्या बाहेर शोधावे लागते. मतदानात जो हरला त्याला पक्षाबाहेर उभे राहायला जागा आहे की नाही, यावर या तत्त्वाचे सगळे भवितव्य ठरते.

आधी नियम पाहू. ते चार आहेत आणि वरवर पाहता त्यात खटकण्यासारखे काही नाही. खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या समित्या निवडणुकीने बनतील. प्रत्येक समिती आपल्याला निवडून देणाऱ्यांना ठरावीक काळाने कामाचा हिशेब देईल. अल्पमत बहुमताचा निर्णय पाळेल. वरच्या समितीचे निर्णय खालच्या समितीवर बंधनकारक राहतील. पहिले दोन नियम लोकशाहीचे, पुढचे दोन केंद्राचे. भाषा देशोदेशी थोडी बदलते, सांगाडा हाच राहतो.

रशियन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने 1906 मध्ये हे तत्त्व नियमावलीत घेतले तेव्हा बोल्शेविक आणि मेन्शेविक हे दोन्ही गट त्याच पक्षात होते आणि उघडपणे भांडत होते. लेनिनने त्या वेळी केलेल्या मांडणीत टीकेच्या स्वातंत्र्याला मोठी जागा होती. ठरलेल्या कृतीत कोणी खोडा घालू नये, एवढीच त्याची अट होती. क्रांतीनंतरही काही काळ हे वातावरण टिकले. 1918 मध्ये जर्मनीशी ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह करावा की नाही, यावर बुखारिन आणि त्याचे सहकारी लेनिनच्या विरोधात उघड उभे राहिले, स्वतःचे नियतकालिक काढून लिहीत राहिले, आणि तरी पक्षात राहिले.

ही दारे मार्च 1921 मध्ये बंद झाली. यादवी युद्ध संपत आले होते, शेतकरी बिथरले होते आणि क्रोनस्टाटच्या नाविकांनी बंड केले होते. अशा वेळी भरलेल्या दहाव्या महाअधिवेशनाने पक्षातल्या गटांवर बंदी घातली. स्वतंत्र कार्यक्रम मांडून एकत्र येणारा कोणताही गट विसर्जित व्हावा, असा तो ठराव होता. त्यातले एक कलम तर गुप्त ठेवले गेले. केंद्रीय समितीला आपल्याच सदस्यांना दोन तृतीयांश मतांनी काढून टाकण्याचा अधिकार त्याने दिला. संकटकाळापुरता म्हणून केलेला हा उपाय पुढे कधीच मागे घेतला गेला नाही, आणि जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांनी तो नियमावलीचा भाग म्हणूनच उचलला. त्यात भारतातलेही आले.

गटबंदीचा परिणाम नीट समजून घ्यायला हवा. एकट्या सदस्याला बैठकीत हवे ते बोलता येते. पण त्याच्याशी सहमत असलेला दुसऱ्या जिल्ह्यातला सदस्य त्याला पत्र लिहू लागला, दोघांनी मिळून पर्यायी मसुदा तयार केला, महाअधिवेशनासाठी प्रतिनिधी जमवले, की तो गट ठरतो आणि शिस्तभंग होतो. नेतृत्वाला मात्र गट बनवावा लागत नाही. पक्षाचे कार्यालय, मुखपत्र, पूर्णवेळ कार्यकर्ते आणि सदस्यांची यादी आधीच त्याच्या हातात असते.

मग एक वर्तुळ तयार होते. केंद्रीय सचिवालय प्रांतिक सचिव नेमते. प्रांतिक सचिव महाअधिवेशनाचे प्रतिनिधी कोण असावेत, हे पाहतात. ते प्रतिनिधी केंद्रीय समिती निवडतात, आणि केंद्रीय समिती सरचिटणीस निवडते, ज्याच्या सचिवालयाने प्रांतिक सचिव नेमले होते. 1922 मध्ये सरचिटणीस झालेल्या स्टालिनने हेच वर्तुळ पूर्ण केले. निवडणुकीचा नियम कागदावर जसाच्या तसा राहिला, फक्त त्याची दिशा उलटली. सत्तेतल्या पक्षात या वर्तुळाला आणखी एक बळ मिळते. कारखान्याचा व्यवस्थापक, विद्यापीठाचा कुलगुरू, संपादक, न्यायाधीश अशा पदांच्या याद्या पक्षसमित्यांकडे असतात आणि त्या पदांवर त्यांच्या संमतीशिवाय कोणी बसत नाही. वरिष्ठाशी मतभेद झाला की पक्षातले पद, नोकरी, घर आणि मुलांचे शिक्षण हे सगळे एकाच वेळी पणाला लागते.

हेच तत्त्व सत्तेबाहेरच्या पक्षात कसे वागते, याचे उदाहरण भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या 1948 ते 1951 या तीन वर्षांत मिळते. त्यातली दोन मुख्य पात्रे मराठी आहेत.

फेब्रुवारी-मार्च 1948 मध्ये कलकत्त्याला पक्षाचे दुसरे महाअधिवेशन भरले. 1935 पासून सरचिटणीस असलेल्या पूरनचंद जोशींचे नेहरू सरकारबाबतचे धोरण मवाळ ठरवून त्यांना दूर करण्यात आले. मुंबईचे भालचंद्र त्र्यंबक रणदिवे सरचिटणीस झाले. स्वातंत्र्य खरे नाही, देश क्रांतीच्या उंबरठ्यावर आहे, संप आणि उठाव यांनी सरकार उलथता येईल, अशी त्यांची मांडणी होती. महाअधिवेशनाने ती मान्य केली आणि ती साऱ्या पक्षावर बंधनकारक झाली. चौथ्या नियमाचे काम इथे सुरू झाले.

या धोरणाची परीक्षा 9 मार्च 1949 रोजी झाली. पक्षाने देशभर रेल्वे संपाची हाक दिली होती. जयप्रकाश नारायण अध्यक्ष असलेल्या रेल्वे कामगारांच्या महासंघाने संप मागे घेतला होता. कामगारांची तयारी किती आहे, हे स्थानिक कार्यकर्त्यांना कळत होते. पण तसे बोलणे म्हणजे सुधारणावादी ठरणे होते. ठरल्या दिवशी गाड्या धावत राहिल्या. संप फसला, कार्यकर्ते तुरुंगात गेले, काही भूमिगत झाले. यावर नेतृत्वाने जो निष्कर्ष काढला तो या यंत्रणेच्या स्वभावाला धरून होता. धोरण बरोबर होते, अंमलबजावणी करणारे कच्चे निघाले. खालच्या समित्यांची झाडाझडती सुरू झाली. खुद्द जोशींना 1949 च्या अखेरीस पक्षातून काढण्यात आले. दोन वर्षांत पक्षाची सदस्यसंख्या सुमारे 89 हजारांवरून 20 हजारांच्या आसपास आली.

धोरण बदलले ते सदस्यांच्या मतांनी नाही. 27 जानेवारी 1950 रोजी आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट चळवळीच्या मुखपत्रात अग्रलेख आला आणि त्यात भारतासाठी चीनच्या मार्गाची भलामण होती. रणदिव्यांनी तर आदल्याच वर्षी माओवर जाहीर टीका केली होती. मे-जून 1950 मध्ये केंद्रीय समितीची फेररचना होऊन आंध्रचे चंद्र राजेश्वर राव सरचिटणीस झाले. आता शहरी उठावाऐवजी तेलंगणाचा सशस्त्र मार्ग आला. त्यावर अजय घोष, श्रीपाद अमृत डांगे आणि सच्चिदानंद विष्णू घाटे या तिघांनी टोपणनावांनी एक टिपण पक्षात फिरवले. हाही मार्ग पक्षाला जनतेपासून तोडेल, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर 1951 च्या सुरुवातीला घोष, डांगे, राव आणि बसवपुन्नय्या हे चौघे गुप्तपणे मॉस्कोला गेले आणि स्टालिनला भेटले. परतल्यावर नवा कार्यक्रम आला, अजय घोष सरचिटणीस झाले आणि पक्ष पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उतरला. लोकसभेत त्याला 16 जागा मिळाल्या आणि तो विरोधातला सर्वांत मोठा पक्ष ठरला.

या घटनाक्रमात लोकशाही केंद्रवादाची सगळी दुखणी दिसतात. खालची माहिती वर जात नाही, कारण ती सांगणाराच संशयित ठरतो. अपयशाचे खापर अंमलबजावणीवर फुटते. चुकीची दुरुस्ती सदस्यांकडून होत नाही, ती आणखी वरून येते, आणि इथे ते ‘वर’ देशाबाहेर होते. तरीही दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक म्हणजे चूक किती मोठी आहे, हे लवकर उघड झाले. संप फसल्याचे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आले. सदस्य पक्ष सोडून जाऊ लागले आणि त्यांना अडवणारे कोणी नव्हते. निवडणूक समोर होती, आणि तिच्यातली मते कोणत्याही सचिवालयाच्या हातात नव्हती. दुसरी गोष्ट, हरलेली माणसे उरली. जोशी 1951 मध्ये पक्षात परत आले. ज्यांच्यावर सगळा ठपका आला ते रणदिवे पुढे पुन्हा केंद्रीय नेतृत्वात आले, 1964 नंतर मार्क्सवादी पक्षाच्या पॉलिटब्युरोत बसले, 1970 मध्ये सिटूचे अध्यक्ष झाले आणि 1990 मध्ये मृत्यूपर्यंत कामगार चळवळीत राहिले.

आता सत्तेतला पक्ष पाहू. रणदिव्यांच्या संपानंतर दहा वर्षांनी, जुलै 1959 मध्ये, चिनी कम्युनिस्ट पक्षाचे वरिष्ठ नेते लुशान या थंड हवेच्या ठिकाणी जमले. ‘मोठी झेप’ सुरू होऊन वर्ष झाले होते. गावोगावी लोककम्यून स्थापन झाले होते, परसात भट्ट्या लावून पोलाद पाडले जात होते, आणि पीक किती आले, याचे आकडे जिल्ह्याजिल्ह्यांतून चढाओढीने फुगवून वर जात होते. संरक्षणमंत्री पेंग दहुआई आदल्या वर्षी आपल्या हुनान प्रांतातल्या गावी जाऊन आले होते. शेतावरची माणसे भट्ट्यांकडे वळवल्याचे आणि कागदावरचे पीक कोठारात नसल्याचे त्यांनी पाहिले होते.

14 जुलै रोजी त्यांनी माओला खासगी पत्र लिहिले. झेपेचे यश आधी मान्य करून मग फुगवलेले आकडे आणि घाईचा अतिउत्साह यांवर त्यांनी बोट ठेवले होते. नियमावलीच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. पॉलिटब्युरोचा सदस्य पक्षाच्या अध्यक्षाला, पक्षाच्या बैठकीच्या काळात, आपले मत कळवत होता. माओने दोन दिवसांनी ते पत्र छापून सगळ्यांना वाटले, आणि 23 जुलै रोजी त्यावर घणाघाती भाषण केले. पेंग यांच्या बाजूने बोललेले झांग वेंतियान, हुआंग कचेंग आणि झोऊ शियाओझोऊ हे तिघे त्यांच्यासह ‘पक्षविरोधी टोळी’ ठरले. ज्यांना पेंग यांचे म्हणणे पटत होते त्यांनीही हात वर केले. पेंग यांचे मंत्रिपद गेले.

अनर्थ खरा पुढे झाला. लुशानहून खाली गेलेला संदेश सरळ होता: पीक कमी आहे, असे सांगणारा उजवा संधिसाधू असतो. लाखो कार्यकर्त्यांवर तसे शिक्के बसले. मग कोण सांगणार? फुगवलेल्या आकड्यांवरून धान्याची वसुली ठरली आणि गावात खायला उरले नाही. 1959 ते 1961 या काळातल्या दुष्काळात किती माणसे मेली, याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. स्वतंत्र वर्तमानपत्रे आणि विरोधी पक्ष असलेल्या देशात एवढा दुष्काळ लपून राहू शकत नाही, हे अमर्त्य सेन यांचे प्रतिपादन याच उदाहरणावर उभे आहे.

जानेवारी 1962 मध्ये सात हजार कार्यकर्त्यांची सभा बीजिंगला भरली. तिथे माओने भाषणाचा विषय घेतला तो लोकशाही केंद्रवादाचाच. खालच्यांना बोलू द्यावे, त्याशिवाय वरच्यांना खरी स्थिती कळत नाही, असे त्याने सांगितले आणि स्वतःकडेही थोडा दोष घेतला. म्हणजे दुखणे कुठे आहे, हे नेत्याला कळत होते. पण पेंग यांना त्या सभेनेही न्याय दिला नाही. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना पकडून मारहाण झाली आणि 1974 मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. पक्षाने त्यांच्यावरचे आरोप मागे घेतले ते 1978 च्या डिसेंबरात, माओ गेल्यावर. देशाचे अध्यक्ष असलेल्या लिऊ शाओची यांना 1968 मध्ये पक्षातून काढले गेले, पुढच्या वर्षी ते कोठडीत वारले, आणि त्यांचे पुनर्वसन 1980 मध्ये झाले.

रशियाचा हिशेब याहून भयंकर आहे. 1934 च्या महाअधिवेशनाला आलेल्या 1,966 प्रतिनिधींपैकी 1,108 जण पुढे अटकेत गेले. त्या अधिवेशनाने निवडलेल्या केंद्रीय समितीच्या 139 सदस्य आणि उमेदवार सदस्यांपैकी 98 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. हे आकडे कोणा विरोधकाचे नाहीत, ख्रुश्चेव्हने 1956 मध्ये पक्षाच्याच महाअधिवेशनापुढे ठेवलेले आहेत. 1918 मध्ये लेनिनला उघड विरोध करूनही पक्षात राहिलेल्या बुखारिनला 1938 मध्ये मृत्युदंड झाला.

रणदिवे आणि पेंग यांना शेजारी ठेवले तर फरक स्पष्ट होतो. रणदिव्यांचे धोरण चुकले होते, पेंग यांचे म्हणणे बरोबर होते. दोघांच्याही पक्षांनी एकाच पद्धतीने, एकाच प्रकारच्या शब्दांनी मतभेद चिरडला. पण भारतात पक्षाच्या चुकीची किंमत मुख्यतः पक्षाने मोजली. त्याचे सदस्य गेले, युनियन खिळखिळ्या झाल्या. चीनमध्ये पक्षाची चूक हीच देशाची चूक होती आणि तिची किंमत ज्यांनी कधी पक्षाचे सदस्यत्वही घेतले नव्हते अशा शेतकऱ्यांनी जिवाने मोजली.

असे होण्याचे घटनात्मक कारण आहे. एकपक्षीय राज्यांत लोकशाही केंद्रवाद पक्षाच्या नियमावलीत थांबत नाही, राज्यघटनेत जातो. सोव्हिएत संघाच्या 1977 च्या घटनेत तिसऱ्या कलमाने राज्ययंत्रणेची रचना या तत्त्वावर केली आणि सहाव्या कलमाने पक्षाला समाजाची मार्गदर्शक शक्ती ठरवले. चीनच्या 1982 च्या घटनेचे तिसरे कलम शासनसंस्थांना हेच तत्त्व लावते. व्हिएतनामच्या घटनेतही ते आहे. पक्षात शिस्त सदस्याने स्वतःहून स्वीकारलेली असते. राज्याच्या बाबतीत नागरिक जन्मानेच तिच्यात येतो, आणि राजीनामा देऊन बाहेर पडावे तर जायचे कुठे? न्यायालय, वर्तमानपत्र, कामगार संघटना, सगळीकडे तीच समिती वरची समिती असते.

बाहेर जागा असली की काय घडते, हे पाहायला नाशिक जिल्ह्यातल्याच माणसाकडे यावे लागेल. मघा उल्लेख आलेले डांगे निफाड तालुक्यातल्या करंजगावचे. 1899 चा जन्म, 1921 मध्ये ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका, मग कानपूर आणि मीरत खटले, मुंबईची गिरणी कामगार युनियन, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, दोनदा लोकसभा. अजय घोष वारल्यावर 1962 मध्ये पक्षाने अध्यक्षपद नव्याने निर्माण करून ते डांग्यांना दिले. त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले. डांगे आणि बहुमत भारत सरकारच्या बाजूने उभे राहिले. अल्पमताला ते मान्य नव्हते, आणि त्यातल्या अनेकांना सरकारने तुरुंगात टाकले.

1964 च्या वसंतात डांग्यांच्या नावाची काही जुनी पत्रे उजेडात आली. 1924 मध्ये तुरुंगातून त्यांनी ब्रिटिश सरकारला सहकार्य देऊ केले होते, असा त्यांचा अर्थ लावला गेला. डांग्यांनी ती बनावट असल्याचे सांगितले. 11 एप्रिल 1964 रोजी राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीत, पत्रांचा विषय निघेल तेव्हा डांग्यांनी अध्यक्षाच्या खुर्चीत बसू नये, अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही, आणि 32 सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. वर्षअखेरीपर्यंत दोन महाअधिवेशने झाली, एक कलकत्त्याला, दुसरे मुंबईला. एकातून मार्क्सवादी पक्ष उभा राहिला, दुसऱ्यात मूळ पक्ष राहिला. नियमावलीच्या दृष्टीने त्या 32 जणांनी घोर शिस्तभंग केला होता. पण पुढच्याच वर्षांत त्यांच्या पक्षाने केरळ आणि पश्चिम बंगालमध्ये लोकांची मते मिळवली. कोणाचे धोरण लोकांना पटते, याचा निवाडा कोणत्याही केंद्रीय समितीला करावा लागला नाही.

नंतर डांग्यांवरच ती वेळ आली. पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला होता. 1978 मध्ये भटिंड्याच्या महाअधिवेशनात ती चूक मानून पक्षाने काँग्रेसपासून फारकत घेतली. डांग्यांना ते पटले नाही. ते काँग्रेसशी सहकार्याची बाजू जाहीरपणे मांडत राहिले, आणि 1981 मध्ये, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, ज्या पक्षाचे ते अध्यक्ष होते त्याने त्यांना काढून टाकले. त्यांची कन्या रोझा देशपांडे यांच्याशी संबंधित छोट्या पक्षात ते गेले. तो पक्ष वाढला नाही. पण डांगे बोलत राहिले आणि 1991 मध्ये मुंबईत वारले तेव्हा त्यांचे विरोधकही त्यांच्याविषयी उघडपणे लिहीत-बोलत होते. आणीबाणीबाबत त्यांचे मत चुकले होते, असे मानणाऱ्यांनाही हे कबूल करावे लागेल, की चुकीचे मत धरून सन्मानाने जगता येणे ही फार मोठी सोय आहे. ती त्यांना पक्षाने दिली नव्हती, देशाने दिली होती.

या मांडणीवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की पक्षशिस्त सगळेच पाळतात. संसदेत व्हिप मोडला तर सदस्यत्व जाते. बहुतेक भारतीय पक्षांत अंतर्गत निवडणुका नावापुरत्याही होत नाहीत, उमेदवारी एखाद्या घराण्याच्या दिवाणखान्यात ठरते. त्यांच्या तुलनेत मार्क्सवादी पक्षाची पद्धत उजवी आहे. महाअधिवेशनाच्या दोन महिने आधी राजकीय ठरावाचा मसुदा प्रसिद्ध होतो, शाखेतला साधा सदस्यही दुरुस्ती पाठवू शकतो. 1996 मध्ये ज्योती बसूंना पंतप्रधानपद देऊ केले गेले, केंद्रीय समितीने बहुमताने नकार दिला, बसूंनी तो पाळला आणि नंतर त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटले. ते पक्षातच राहिले. हा आक्षेप मान्य करायला हवा. पण त्यातून या लेखाचे म्हणणे पक्केच होते. व्हिप मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाते, स्वातंत्र्य जात नाही, आणि बसू आपल्याच पक्षाच्या निर्णयाला घोडचूक म्हणू शकले ते मुक्त वर्तमानपत्रांच्या देशात.

दुसरा आक्षेप सत्तेतल्या पक्षांविषयी आहे. सगळेच लुशानच्या मार्गाने गेले नाहीत. व्हिएतनाममध्ये केंद्रीय समितीच्या निवडणुकीत जागांपेक्षा जास्त उमेदवार असतात. ऑक्टोबर 2012 मध्ये तिथल्या पॉलिटब्युरोने आपल्या एका सदस्यावर कारवाई सुचवली आणि केंद्रीय समितीने ती नाकारली. तो सदस्य म्हणजे पंतप्रधान न्विन तान झुंग, हे सर्वांना कळत होते. म्हणजे पहिले दोन नियम एकपक्षीय राज्यातही काही प्रमाणात जिवंत ठेवता येतात, आणि विद्यार्थ्याने चीन, व्हिएतनाम, लाओस, क्यूबा व उत्तर कोरिया यांना एकाच मापाने मोजू नये. मात्र ही मोकळीक कशावर टिकते, तेही पाहावे. व्हिएतनाममध्ये ती वरिष्ठ नेत्यांच्या आपसातल्या समतोलावर टिकते. चीनमध्येही माओनंतर असा समतोल होता, कार्यकाळाची मर्यादा हा त्याचाच भाग होता. तो ढळल्यावर ती मर्यादा वाचवायला कोणतेही न्यायालय, पक्ष किंवा वर्तमानपत्र पुढे येऊ शकले नाही. केंद्रीय समितीचा प्रस्ताव 25 फेब्रुवारी 2018 रोजी जाहीर झाला आणि दोन आठवड्यांत घटना बदलली.

त्याच वर्षी भारतातही मार्क्सवादी पक्षात सरचिटणीसाच्या मताचा प्रश्न आला होता. भाजपविरोधात काँग्रेसशी काही समजुतीला वाव ठेवावा, असा मसुदा सीताराम येचुरींनी मांडला. जानेवारीत कलकत्त्याच्या बैठकीत केंद्रीय समितीने तो 55 विरुद्ध 31 मतांनी फेटाळला. सरचिटणीस हरला, हे आकड्यांसह दुसऱ्या दिवशी छापून आले. एप्रिलमध्ये हैदराबादच्या महाअधिवेशनात अल्पमताचे म्हणणे पुन्हा मांडले गेले, प्रतिनिधींतून गुप्त मतदानाची मागणी झाली, आणि अखेर ठरावातले शब्द बदलले: काँग्रेसशी राजकीय आघाडी नाही, एवढेच बंधन राहिले आणि समजुतीवरची बंदी गेली. येचुरी पुन्हा सरचिटणीस झाले. तौलनिक राजकारणाच्या विद्यार्थ्याने या अधिवेशनाचा कागद आणि बीजिंगच्या मतदानाचा कागद समोरासमोर ठेवावा आणि दोन्हींना तेच तीन प्रश्न विचारावेत. हरलेल्या बाजूची मते मोजून जाहीर झाली का? ती बाजू तोच मुद्दा घेऊन पुन्हा उभी राहिली का? आणि ती पुन्हा हरली असती, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसांची नोकरी, घर आणि मोकळीक कोणाच्या हातात होती?